दोराचे दुसरे टोक : गिर्यारोहणाच्या आत्मकथनांतील साक्ष

घरबसल्या वाचणाऱ्या वाचकासाठी लिहिलेल्या गिर्यारोहणाच्या आत्मकथनांत एक अडचण मुळातच असते. ज्या उंचीवर या कथनांतील निर्णायक घटना घडतात, तेथे माणसाची निरीक्षणशक्ती आणि स्मरणशक्ती दोन्ही दुबळ्या झालेल्या असतात, आणि पुष्कळदा घटनेचा दुसरा साक्षीदार एकच असतो, तोही तितक्याच थकलेल्या अवस्थेत असलेला. आठ हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी होतो, आणि मेंदूला प्राणवायू अपुरा पडला की विचार मंदावतो, साधे निर्णय चुकतात आणि झालेल्या गोष्टींची नोंद मनात तुटक उमटते. अशा नोंदीवरून पुढे अखंड, वेगवान आणि ठाम कथन उभे राहते. वाचकाला खिळवून ठेवणारा हा ठामपणा आला कोठून, हा प्रश्न या वाङ्मयाच्या समीक्षेत फार उशिरा विचारला गेला.

तो विचारला जाण्यास कारणीभूत ठरलेले पुस्तक म्हणजे मॉरिस हर्झॉग यांचे ‘अन्नपूर्णा’. 1950 च्या 3 जून रोजी मोहिमेचे नेते हर्झॉग आणि लुई लाशेनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक 8091 मीटर उंचीच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर, कृत्रिम प्राणवायूशिवाय, पोहोचले आणि आठ हजार मीटरहून उंच असलेल्या चौदा शिखरांपैकी एका शिखरावर माणसाने प्रथमच पाऊल ठेवले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि अनेक पिढ्यांतील गिर्यारोहकांनी डोंगराची ओढ याच पुस्तकामुळे लागल्याचे नमूद केले. बोटे गमावल्यामुळे हर्झॉग यांना ते रुग्णालयातून तोंडी सांगून लिहवून घ्यावे लागले, ही पुस्तकाच्या जन्माची हकिगतही त्याच्या कीर्तीचा भाग झाली.

पुस्तकाचा सर्वांत समर्थ भाग उतरणीचा आहे. माथ्यावरून खाली येताना हर्झॉग पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवतात आणि ते उतारावरून घरंगळत जातात. पिशवीत जादा पायमोजे असतात, ते हातांत घालता आले असते, परंतु ते त्यांना सुचतच नाही. पुढे हिमदंश, म्हणजे थंडीने रक्तप्रवाह थांबून ऊतक मरणे, त्यांच्या बोटांना ग्रासतो. पाचव्या तळावर लिओनेल तेरे आणि गास्तों रेब्युफा हे सहकारी भेटतात, दुसऱ्या दिवशी चौघे धुक्यात वाट चुकतात, आणि रात्र पडत असताना लाशेनाल एका हिमभेगेत, म्हणजे हिमनदीच्या पृष्ठभागावरील बर्फाच्या खोल फटीत, पडतात. ती भेगच रात्रीचा निवारा ठरते. पहाटे वरून कोसळलेल्या हिमात बूट गाडले जातात, ते उकरून काढावे लागतात, आणि तेरे व रेब्युफा यांना हिमांधत्व आलेले असते, म्हणजे बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळे भाजून तात्पुरते दिसेनासे झालेले असते. ज्यांना दिसते त्यांना नीट चालता येत नाही आणि ज्यांना चालता येते त्यांना दिसत नाही, ही स्थिती हर्झॉग यांनी फार संयमाने रेखाटली आहे. त्यानंतर मोहिमेचे डॉक्टर जाक उदो यांची वेदनामय इंजेक्शने, पावसाळ्यातून हमालांच्या पाठीवरचा प्रवास आणि वाटेतच केलेले अंगच्छेद हा भाग येतो; भारतातील रेल्वेच्या डब्यात बोटे कापली जातात तो प्रसंग तर एकदा वाचलेला विसरत नाही.

या सगळ्यात हर्झॉग यांची वेदना खरी आहे, याविषयी कोणालाही शंका नव्हती आणि नाही. वाद आहे तो त्याआधीच्या काही तासांविषयी. पुस्तकात शिखराकडची अखेरची चढाई एका उदात्त, जवळजवळ आध्यात्मिक आनंदात होते आणि लाशेनाल, ज्यांना पायांच्या गोठण्याची भीती वाटत असते, नेत्याच्या निर्धारामुळे पुढे जातात. लाशेनाल यांच्या स्वतःच्या टिपणांतून वेगळे चित्र दिसते. व्यवसायाने ते वाटाडे होते, त्यांची उपजीविका त्यांच्या पायांवर होती, आणि एकटे असते तर ते परतले असते. परंतु आपण परतलो तर हर्झॉग एकटेच वर जातील आणि परत येणार नाहीत अशी त्यांची खात्री असल्यामुळे ते सोबत राहिले. हर्झॉग यांच्या कथनातील निष्ठेची जागा या टिपणांत कर्तव्याने घेतली आहे, आणि त्या कर्तव्याची किंमत लाशेनाल यांनी पायांची सर्व बोटे देऊन मोजली.

ही दुसरी बाजू वाचकांपर्यंत पोहोचण्यास सेहेचाळीस वर्षे लागली, आणि त्याचे कारण साहित्यबाह्य आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी सदस्यांकडून पाच वर्षे काहीही प्रसिद्ध न करण्याचे वचन घेण्यात आले होते. वृत्तांताचा अधिकार नेत्याकडे होता. लाशेनाल 1955 मध्ये माँ ब्लाँ परिसरातील व्हाले ब्लाँशच्या हिमनदीवर हिमभेगेत पडून मरण पावले. त्यांची टिपणे 1956 मध्ये पुस्तकरूपाने आली खरी, परंतु संपादन मॉरिस हर्झॉग यांचे बंधू जेरार यांनी केले होते आणि अडचणीचे परिच्छेद गळले होते. पूर्ण संहिता छापली गेली ती 1996 मध्ये, आणि 2000 मध्ये अमेरिकन लेखक डेव्हिड रॉबर्ट्स यांनी ‘ट्रू समिट’ या ग्रंथात सर्व साक्षी एकत्र मांडल्या. त्यामुळे ‘अन्नपूर्णा’ खोटे ठरले असे मानण्याची घाई काही समीक्षकांनी केली, ती मात्र रास्त वाटत नाही. हर्झॉग यांचा आनंद बनावट होता असे सिद्ध होत नाही. प्राणवायूच्या अभावात असा हर्ष वाटणे शक्यच आहे. दोष आहे तो एवढाच की एका गोठलेल्या माणसाचा अनुभव संपूर्ण दोराचा अनुभव म्हणून सांगितला गेला, आणि दोराला दुसरे टोक असते हे वाचकाला कळू नये याची व्यवस्था केली गेली.

याच मोहिमेचे तिसरेही टोक आहे, ज्याची दखल त्याहून कमी घेतली गेली. शेर्पांचे प्रमुख आंग थारके यांना हर्झॉग यांनी शिखरावर सोबत येण्याविषयी विचारले होते आणि पाय गोठू लागल्याचे सांगून त्यांनी नकार दिला होता. पुढे घडलेले पाहता तो नकार मोहिमेतील सर्वांत अचूक निर्णय ठरतो, परंतु कथनाच्या नायकप्रधान रचनेत तो एका ओळीचा तपशील राहतो.

दुसऱ्या टोकाला रचनेतच स्थान देणारे पुस्तक म्हणून जो सिम्पसन यांच्या ‘टचिंग द व्हॉइड’चा (1988) विचार करावा लागतो. 1985 मध्ये पेरूमधील 6344 मीटर उंचीच्या सियुला ग्रांदे या शिखरावरून उतरताना सिम्पसन यांचा पाय मोडला. त्यांचे जोडीदार सायमन येट्स यांनी प्रत्येकी 45 मीटरचे दोन दोर गाठ मारून जोडले आणि बर्फात खळगा करून त्यात बसून ते मित्राला 90 मीटरच्या टप्प्यांनी खाली सोडू लागले. दोर रोखणाऱ्या धातूच्या चकतीतून मधली गाठ जात नसे, म्हणून ती आली की सिम्पसन यांनी चांगल्या पायावर उभे राहून दोरावरील भार काढायचा आणि येट्स यांनी तेवढ्या वेळात दोर सोडवून गाठीच्या पलीकडे पुन्हा अडकवायचा, अशी पद्धत ठरली. अंधारात सिम्पसन एका कड्यावरून अधांतरी लोंबकळू लागले तेव्हा ही पद्धत कोसळली, कारण उभे राहण्यास खाली काहीच नव्हते आणि गाठ चकतीशी येऊन अडकली. दोरावर वर चढण्यासाठी वापरायच्या दोन आवळगाठींच्या फासांपैकी एक सिम्पसन यांच्या बधिर बोटांतून निसटला. वर येट्स यांचा खळगा ढासळत होता. त्यांनी दोर कापला.

पुस्तकाचे यश पुढच्या भागात, दोर कापल्यावर ज्या हिमभेगेत सिम्पसन पडले तिच्यातून निघून मोडक्या पायाने तळापर्यंत रांगत येण्यात आहे, असे सामान्यतः समजले जाते. कलेच्या दृष्टीने अधिक धाडसी गोष्ट वेगळीच आहे. सिम्पसन यांनी येट्स यांचे अनुभव त्यांच्याशी बोलून घेतले आणि येट्स यांच्याच प्रथमपुरुषी निवेदनात पुस्तकात गुंफले, त्यामुळे दोर कापण्याची घटना वाचकाला दोन्ही बाजूंनी कळते आणि आरोपाला जागा उरत नाही. यांत्रिक तपशील इतका स्पष्ट दिला आहे की येट्स यांना दुसरा मार्ग होता का, हे वाचक स्वतः तपासू शकतो. एक खोच तरीही राहते: येट्स यांचा आवाजही सिम्पसन यांच्याच हातचा आहे.

साक्षीचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात घडलेल्या दुर्घटनेनंतर. त्या मोहिमांपैकी एकीत असलेले पत्रकार जॉन क्राकौअर यांच्या ‘इन्टू थिन एअर’ या पुस्तकाला दुसऱ्या चमूचे वाटाडे अनातोली बुक्रीव्ह यांनी ‘द क्लाइंब’मधून उत्तर दिले, आणि बुक्रीव्ह आपल्या ग्राहकांच्या आधी का उतरले यावर बरीच शाई खर्च झाली; मात्र त्याच रात्री त्यांनी वादळात एकट्याने बाहेर पडून तिघांना वाचवले, हे दोन्ही पुस्तकांना मान्य आहे. त्या वादापेक्षा क्राकौअर यांनी स्वतः कबूल केलेली चूक अधिक बोधक आहे. चौथ्या तळाजवळ आपण वाटाड्या अँडी हॅरिस यांच्याशी बोललो आणि ते तंबूंच्या दिशेने गेले, असे त्यांनी खात्रीने सांगितले होते, आणि त्या साक्षीवरून हॅरिस तळाजवळून कड्याखाली पडले असावेत असा तर्क झाला. प्रत्यक्षात ती व्यक्ती दुसऱ्या चमूतील मार्टिन अ‍ॅडम्स होती. हॅरिस दक्षिण शिखराकडे, अडकलेल्या सहकाऱ्यांच्या मदतीला गेलेले असल्याचे बिनतारी संभाषणावरून आणि तेथे सापडलेल्या त्यांच्या कुऱ्हाडीवरून पुढे स्पष्ट झाले. त्याआधी त्याच दक्षिण शिखरावर हॅरिस क्राकौअर यांना प्राणवायूच्या सर्व टाक्या रिकाम्या असल्याचे आग्रहाने सांगत होते, तर किमान दोन भरलेल्या होत्या. चाचपून पाहणारा आणि त्याला पाहणारा, दोघेही एकाच कमतरतेने चुकत होते, आणि त्यांच्यापैकी एकच लिहिण्यासाठी परतला.

दक्षिण बाजूच्या या दुर्घटनेवर परतलेल्यांची पुस्तके एकामागून एक आली. बेक वेदर्स यांनी मृत समजून सोडले गेल्याची हकिगत लिहिली, लेने गामेलगार्ड यांनी आपली बाजू मांडली. त्याच वादळात उत्तर बाजूला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या मोहिमेतील त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पाल्जोर हे तिघे लडाखी गिर्यारोहक मरण पावले. शिखर गाठल्याचे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले होते. क्राकौअर यांच्या मते ढगांमुळे फसून ते शिखराच्या खालीच थांबले असावेत. दुसऱ्या दिवशी एक जपानी चमू त्यांच्याजवळून वर गेला, आणि तेव्हा ते कोणत्या स्थितीत होते याविषयी जपानी सदस्यांचे आणि भारतीय मोहिमेचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही. त्या तिघांपैकी कोणाचेही आत्मकथन असणे शक्य नाही, म्हणून घरबसल्या वाचणाऱ्याच्या कपाटात 10 मे 1996 हा दिवस आजही जवळजवळ पूर्णपणे दक्षिण बाजूचाच आहे.