टाचणीच्या भोकाशी जुळलेलं माजघर

निपाणीच्या एका चित्रकला-शिक्षकांनी पेन्सिलीने काढलेलं हे माजघर. कागद परीक्षेला देतात तोच, 15 बाय 11 इंची. समोर परसदाराची भिंत, खाली शहाबादी फरशी, वर तुळया, उजवीकडे कोनाडा. आधी क्षितिजरेषा शोधावी. समोरच्या दाराला ती निम्म्याच्या थोडं खाली छेदते. दार सहा फुटी धरलं, तर चित्रकाराची नजर जेमतेम अडीच फुटांवर येते. म्हणजे हे माजघर जमिनीवर मांडी घालून पाहिलेलं आहे. माजघरात बसायची पद्धत तीच, आणि ती एका आडव्या रेषेने सांगितली आहे.

या रेषेवर, कागदाच्या मध्यापासून दोन इंच डावीकडे, टाचणीचं बारीक भोक आहे. हाच लोपबिंदू. मिलानच्या भिंतीवर लिओनार्दोने ‘अंतिम भोजन’ रंगवलं (1495–98), तिथेही ख्रिस्ताच्या कानशिलाजवळ असं भोक सापडलं आहे. खिळा ठोकून दोरा ताणायचा, ही जुनी रीत. बिंदू डावीकडे सरकल्यामुळे उजवी भिंत ऐसपैस उलगडते आणि कोनाड्याला जागा मिळते.

त्या कोनाड्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. त्याच्या वरच्या-खालच्या कडा लोपबिंदूकडे धावतात, पण भिंतीत शिरणारी त्याची खोली मात्र सरळ आडवी आहे. विद्यार्थी हमखास तीही बिंदूकडे ओढतात आणि कोनाडा भिंतीवर चिकटवलेल्या चौकटीसारखा दिसू लागतो. शिवाय कोनाडा नजरेच्या वर असल्याने त्याच्या छताची खालची बाजू दिसते, तळ दिसत नाही. म्हणून समईची बैठक कडेआड किंचित बुडाली आहे. किती जपून पाहिलंय!

दाराची फळी अर्धवट उघडी आहे. तिच्या वरच्या-खालच्या कडा भोकाकडे जात नाहीत. क्षितिजरेषेवरच, पण दुसऱ्या ठिकाणी मिळतात. भोकाकडे नेल्या असत्या, तर फळी भिंतीशी काटकोनात उभी राहिली असती. नियम कुठे थांबतो, हे हाताला माहीत आहे.

खरी कसोटी फरशीची. मागच्या ओळी अरुंद होत जातात, पण किती? अंदाजाने आखल्या की जमीन उतरती वाटते. इथे चौरस फरश्यांच्या कर्णांवर पट्टी ठेवा. डावीकडे झुकणारे सगळे कर्ण कागदाबाहेर, क्षितिजरेषेच्याच वाढवलेल्या टोकावर, एका बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू भोकापासून बरोबर 18 इंचांवर आहे. चित्र जिथून पाहायचं, ते अंतरही तेवढंच. हा बिंदू जवळ घेतला असता, तर पायाजवळच्या फरश्या लांबुडक्या झाल्या असत्या.

तेव्हा हा कागद हाती आलाच, तर एक डोळा मिटा, दुसरा भोकासमोर दीड फुटावर आणा आणि मग बघा.