मूर्ती न घडविणे, मूर्ती नाकारणे आणि मूर्ती फोडणे : घोरावडेश्वर ते देहूरोड

सोमाटणे फाट्यावरून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाल्यास देहूरोडच्या अलीकडे शेलारवाडीचा डोंगर लागतो. सर्वसामान्य लोक त्यास घोरावडेश्वर म्हणतात. महाशिवरात्रीस येथे मोठी गर्दी होते. डोंगरात कोरलेली मूळ लेणी मात्र बौद्ध आहेत. येथील एका लेखात धेनुकाकट येथील सियगुतनिका नावाच्या एका गृहिणीचे दान नोंदविले आहे. हेच धेनुकाकट गाव कार्ले येथील दात्यांच्या लेखांत वारंवार भेटते. मुख्य लेण्यात पूर्वी स्तूप होता. आज तेथे शिवलिंग आहे.

आपल्या सभासंमेलनांतून या स्थळाचा उल्लेख झाला की एकच वाक्य ऐकू येते : 'त्यांनी आमचे फोडले.' या वाक्यात तथ्य नाही असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु या एका वाक्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जातात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय धर्म व कला यांच्या संबंधाचे विवेचन पुढे जात नाही. मूर्ती मुळातच न घडविणे ही एक गोष्ट, मूर्ती घडविण्यास अथवा पूजण्यास नियमाने मनाई करणे ही दुसरी, आणि अस्तित्वात असलेली मूर्ती फोडणे ही तिसरी. पहिलीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी आपोआप निपजते, असा समज पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्याकडे आला आहे. मावळातील लेणी हा समज खोटा ठरवितात.

प्रथम निषेधाचा विचार करू. पालि विनयपिटकात बुद्धमूर्तीस मनाई करणारा नियम नाही. चित्रांविषयीचा एक नियम मात्र आहे, आणि आपल्या अभ्यासकांचे त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात अशी हकीकत येते की, छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्रीपुरुषांच्या आकृतींची 'पटिभानचित्त' म्हणजे मनाच्या लहरीने रंगविलेली चित्रे काढविली. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी कुरकुर केली की, हे तर कामोपभोगी गृहस्थांप्रमाणे झाले. तेव्हा भगवंतांनी अशी चित्रे निषिद्ध ठरविली. फुलांची नक्षी, वेलींची नक्षी, मकरदंताची नक्षी यांस अनुमती दिली. निषेधाचे कारण येथे नीट पाहिले पाहिजे. प्रतिमा खोटी आहे, किंवा प्रतिमा घडविणे हा निर्मिकाचा अपमान आहे, असे कारण दिलेले नाही. ही चित्रे भिक्खूच्या जीवनाशी विसंगत आहेत आणि लोकांचा प्रसाद त्यामुळे कमी होतो, एवढेच कारण आहे. हा औचित्याचा नियम आहे, सत्तामीमांसेचा नव्हे.

हिब्रू परंपरेतील निर्गमाच्या ग्रंथातली आज्ञा याहून अगदी वेगळ्या जातीची आहे. तेथे कोरीव प्रतिमा हीच ईश्वराची प्रतिस्पर्धी ठरते. इस्लाममध्ये कुराणात चित्रकलेवर सरळ बंदी नाही; जिवंत प्राण्यांच्या चित्रांविषयीचा कडक निषेध हदीसमधून येतो, आणि त्यामागे घडविण्याचा अधिकार निर्मात्याचाच आहे ही भूमिका असते. विनयात निर्माताच नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता नियम आणि शिल्प समोरासमोर ठेवून पाहू. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांची भरदार युगुले कोरलेली आहेत, आणि तेथील एक लेख सांगतो की 'मिथुन' हे भदसम नावाच्या भिक्खूचे दान आहे. ज्या आकृतींबद्दल चुल्लवग्गात भिक्खूंना दोष दिला, तशाच आकृती एका भिक्खूने दान म्हणून दिल्या आणि त्यावर आपले नाव कोरविले! यावरून 'अधःपतन झाले' असा घाईचा निष्कर्ष काढू नये. नियम राहत्या विहारातील रंगीत चित्रांसंबंधी आहे, शिल्पे चैत्यगृहाच्या प्रवेशभिंतीवर आहेत. शिवाय कार्ल्याच्या लेखांत महासांघिकांस दिलेल्या दानाचा उल्लेख येतो; त्यांचा विनय तो पालि विनय नव्हे. आपण पालि वाचणारे लोक ही गोष्ट फार सहज विसरतो, आणि दगडाला आपल्या ग्रंथाच्या कसोटीवर घासू लागतो.

बुद्धाची मूर्ती मात्र त्या पहिल्या कामात नाही. भाजे, बेडसे, कार्ले या तिन्ही ठिकाणी मूळ पूजास्थान स्तूप हेच आहे. याचे कारण काय, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. फूशे यांच्यापासून चालत आलेले मत असे की, आरंभीच्या बौद्धांनी बुद्धाचे मानवी रूप दाखविणे हेतुपुरस्सर टाळले. सुझन हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये या मतास आव्हान दिले. ज्या शिल्पांत रिकामे आसन अथवा बोधिवृक्ष दिसतो, त्यांतील पुष्कळशी बुद्धचरित्राची दृश्ये नसून नंतरच्या भक्तांनी पवित्र स्थळांची केलेली पूजा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. विद्या दहेजिया यांनी लगेच उत्तर दिले की, एकाच चिन्हाला एकाहून अधिक अर्थ असू शकतात. माझा कल दहेजियांकडे आहे, कारण हंटिंग्टन यांच्या मांडणीत एक ग्रांथिक अडचण राहतेच. चिनी भाषांतरात टिकलेल्या सर्वास्तिवादी विनयात अनाथपिंडिक भगवंतांना म्हणतो की, बुद्धदेहाची प्रतिमा करणे योग्य नसल्याने बोधिसत्त्वाची प्रतिमा करण्याची अनुज्ञा मिळावी. म्हणजे एका तरी संप्रदायाला अशा संकोचाची जाणीव होती.

पालि परंपरेत या संकोचाचा सूर वेगळा आहे. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत तीन चैत्ये सांगितली आहेत : शारीरिक म्हणजे धातू, पारिभोगिक म्हणजे बुद्धाने वापरलेली वस्तू अथवा वृक्ष, आणि उद्देसिक. यांतील शेवटचे, म्हणजे ज्यात पुढे प्रतिमा मोडते ते, वस्तूचा आधार नसलेले आणि केवळ मनावर अवलंबून असल्याने तेथे गौण लेखले आहे. प्रतिमा पापी आहे असे येथे म्हटलेले नाही. तिचा बुद्धाशी प्रत्यक्ष स्पर्श नाही, एवढीच तिची उणीव.

या विचाराला आपल्याच मातीत एक विलक्षण समांतर उदाहरण आहे. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाने देवतांची मूर्तिपूजा नाकारली; परंतु चक्रधर स्वामी जेथे बसले, निजले, चालले त्या स्थानांना नमस्कार करण्याची आणि त्यांच्या स्पर्शाने पावन झालेले पाषाण जपण्याची परंपरा त्यांनी कसोशीने सांभाळली. त्या स्थानांच्या नोंदींसाठी 'स्थानपोथी' रचली गेली. शब्द निराळे, तरी ही पारिभोगिक चैत्याचीच कल्पना आहे. याउलट बायझंटाईन साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकांत मूर्तिविरोधकांनी भिंतींवरची चित्रे पुसली, तेव्हा समर्थकांना निराळा युक्तिवाद करावा लागला. 787 मधील निकियाच्या परिषदेने ठरविले की, चित्राला दिलेला आदर चित्रातील मूळ व्यक्तीकडे जातो, आणि आराधना मात्र ईश्वराचीच. महानुभाव आणि पालि परंपरा स्पर्श शोधते, निकियाची परिषद सादृश्य शोधते. माणसाला काहीतरी समोर हवे असते, हे दोघांनाही मान्य आहे.

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कार्ल्याच्या त्याच दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती अवतरल्या. हे काम नीट पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. मिथुनांच्या मधल्या जागेत पूर्वी वेदिकेची, म्हणजे कठड्याची उथळ नक्षी होती. बुद्धपट्ट कोरणाऱ्याने ती छाटून भिंतीत खोल जाऊन मूर्ती काढल्या. म्हणून नक्षीचा पट्टा मूर्तीच्या चौकटीपाशी अचानक तुटतो. तो तेथे वळण घेऊन संपत नाही. मूळ कारागिराने मूर्तीसाठी जागा सोडली असती, तर नक्षी चौकटीशी जुळवून घेतली असती. तात्पर्य, पूर्वीच्या बौद्धांचे काम नंतरच्या बौद्धांनी छिन्नीने काढले. येथे हेतू भंजनाचा नव्हता, श्रद्धेचा होता. तथापि दगडाचे नुकसान हेतू विचारून होत नाही. बेडश्याच्या लेण्यात उरलेली रंगकामाची चिन्हे 1861 च्या सुमारास गोऱ्या अधिकाऱ्यांना स्वच्छता दिसावी म्हणून दिलेल्या चुन्याखाली गेली. त्या सफेदीमागे कोणता धर्म होता, हे कोणी सांगावे?

मग हेतुपूर्वक भंजन ओळखावे कसे? पावसापाण्याने झिजलेली मूर्ती सर्वत्र सारखी गुळगुळीत होते. उघड्या बाजूस अधिक, आडोशास कमी. हातोड्याने फोडलेल्या मूर्तीत घाव निवडक असतात : चेहरा, नाक, हात गेलेले, आणि लगतचे प्रभावलय किंवा आसन धारदार राहिलेले. स्तूप काढून जागा वापरात घेतली असेल तर खुणा आणखी वेगळ्या. ज्या सपाट छताच्या लेण्यात स्तूपाचे छत्र छताला भिडलेले होते, तेथे छतावर तुटलेल्या दगडाची खूण आणि जमिनीवर गोलाकार बुंध्याची रेघ शोधावी. एवढे करूनही कर्ता कोण हे सिद्ध होत नाही. ओसाड पडलेल्या लेण्यात स्तूप आधी फुटलेला असू शकतो आणि लिंग नंतर आलेले असू शकते. घोरावडेश्वराबाबत 'जागेचे परिवर्तन झाले' हे विधान पुराव्यास धरून आहे. 'अमुकांनी फोडले' हे विधान नावासकट करावयाचे असल्यास अधिक पुरावा लागतो. आपले लेखक येथे उतावळे होतात, आणि प्रतिपक्षाला आपले सर्वच म्हणणे झटकून टाकण्याची सोय करून देतात.

ग्रंथ वाचून भंजनाचे भाकीत करता येत नाही, याचा सर्वांत दुःखद दाखला बामियान. तेथील 55 आणि 38 मीटर उंचीच्या मूर्तींचे रक्षण करण्याची आज्ञा 1999 मध्ये ज्या तालिबान प्रमुखाने काढली, त्याच मुल्ला उमरने फेब्रुवारी 2001 मध्ये त्या नष्ट करण्याचा हुकूम दिला, आणि मार्चमध्ये त्या सुरुंगाने उडविल्या गेल्या. दोन वर्षांत हदीस बदलल्या नव्हत्या. बदलले ते राजकारण.

घोरावडेश्वराच्या डोंगरापासून देहूरोड जवळच आहे. तेथे 25 डिसेंबर 1954 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच प्रसंगी पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची होय, असे मतही त्यांनी मांडले. या मतावरचा वाद येथे बाजूस ठेवू. लक्षात घ्यायचे ते हे की, दीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे त्यांनी मूर्ती निवडली. पुढे 1956 मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही असे आहे. मूर्ती घडवू नये किंवा फोडावी असे एक अक्षर नाही. नंतर खेडोपाडी आपल्या वडीलधाऱ्यांनी देव्हाऱ्यातील टाक नदीत, विहिरीत सोडले. ते शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात शिरले नाहीत; ज्याने त्याने स्वतःच्या घरातले सोडले. त्याला मूर्तिभंजन म्हणणे चूक आहे. निर्गमाची आज्ञा प्रतिमेवर आहे, प्रतिज्ञा नमस्कारावर आहे.

म्हणूनच 'बुद्धाची मूर्ती ठेवणे हीही मूर्तिपूजाच' हा आपल्यातील काही तर्कनिष्ठांचा आक्षेप मला अर्धवट वाटतो. कालिंगबोधि जातकाच्या भाषेत देहूरोडची मूर्ती उद्देसिक आहे. तिच्यात कोणी वसत नाही आणि ती नवसाला पावत नाही. मात्र हेही खरे की काही विहारांत आता तिच्यापुढे नारळ फुटू लागले आहेत. घोरावडेश्वरी स्तूपाच्या जागी लिंग आले तेव्हा निदान दगड बदलावा लागला होता. येथे तेवढीही गरज पडलेली नाही.