शुश्रूषेची रोजनिशी

रुग्णशय्येजवळ बसून लिहिलेलें वाङ्मय बहुधा दोन प्रकारांनीं बिघडतें. एक तर रोगी संत होतो, नाहीं तर शुश्रूषा करणारें माणूस वीर होतें. दोन्ही प्रकारांत आजार मात्र हरवतो. आमच्या घरोघर सांगितली जाणारी सावित्रीची कथाच पाहावी. लांकडें तोडतां तोडतां सत्यवानाचें डोकें दुखूं लागतें, तो पत्नीच्या मांडीवर डोकें ठेवतो, आणि लगेच यम समोर उभा राहतो. सावित्रीला काढा उकळावा लागत नाहीं, कीं रात्रीं तीनदां उठून अंथरूण बदलावें लागत नाहीं. ती कथा निष्ठेची आहे, शुश्रूषेची नव्हे. शुश्रूषेला वेळापत्रक असतें, आणि वेळापत्रकाला काव्याच्या दरबारांत मान नाहीं, अशी आपली समजूत आहे.

ती समजूत खोटी पाडणारें एक पुस्तक आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. अमेरिकन कवि डोनाल्ड हॉल यांचा 'विदाउट' हा काव्यसंग्रह १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची पत्नी जेन केन्यन ही स्वतः नांवाजलेली कवयित्री होती. दोघांचा विवाह १९७२ सालीं झाला, आणि पुढें न्यू हँपशायरमधील हॉल यांच्या आजोळच्या शेतघरांत तीं राहूं लागलीं. पति पत्नीहून एकोणीस वर्षांनीं वडील. त्यांना स्वतःला कर्करोग होऊन तो यकृतापर्यंत पसरला होता, तेव्हां आधीं कोण जाणार ह्याविषयीं घरांत कोणासच शंका नव्हती. परंतु १९९४ च्या जानेवारींत केन्यन यांना रक्ताचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस सिअॅटल येथें परक्या दात्याची अस्थिमज्जा त्यांच्या शरीरांत घालण्यांत आली. पुढील फेब्रुवारींत तीं घरीं परतलीं. एप्रिलांत रोग उलटला, आणि २२ एप्रिल १९९५ रोजीं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं केन्यन निवर्तल्या.

ह्या पंधरा महिन्यांचें वर्णन हॉल कसें करतात, हें पाहण्यासारखें आहे. संग्रहाच्या पूर्वार्धांत आजारावरील एक दीर्घ कविता आहे. पण ती सलग छापलेली नाहीं. तिचे तुकडे करून ते इतर कवितांच्या मधून मधून पेरलेले आहेत. वाचक दुसऱ्या विषयांत रमला असें वाटतें न वाटतें तोंच पुन्हां रुग्णालय येतें. घरांत दीर्घ आजार असलेल्या कुटुंबाचा दिवस असाच तुकड्यातुकड्यांनीं जातो. शिवाय ह्या कवितांत कवि स्वतःला 'मी' म्हणत नाहीं, 'तो' म्हणतो. औषधांचीं नांवें, गोळ्यांच्या वेळा, यंत्रास जोडून शिरेवाटें द्यावयाचीं द्रव्यें, खाटेशेजारची खुर्ची, ह्या सर्वांत एक 'तो' वावरत असतो. त्याची स्तुति करावयास कोणी उरतच नाहीं. कारण 'मी किती केलें' असें म्हणण्यासाठीं लागणारा 'मी'च कवीनें दूर ठेवला आहे.

येथें कोणी विचारील, कीं औषधांची यादी म्हणजे काव्य काय? आमचें उत्तर असें, कीं यादी हें काव्य नव्हे, परंतु ह्या विषयांत यादीशिवाय काव्याला आधार नाहीं. 'त्यानें अहोरात्र तिची सेवा केली' हें वाक्य घ्या. तें खरें असेल, पण तें कोणाहि पतीविषयीं लिहितां येईल, आणि त्यांत दिसतो तो पतीच. आतां 'रात्रीं दहाच्या गोळ्या उलटून पडल्या, म्हणून त्यानें त्या पुन्हां मोजून दिल्या' असें लिहून पाहा. दुसऱ्या वाक्यांत एकहि प्रशंसेचा शब्द नाहीं. पण तिची मळमळ, त्याची धास्ती, आणि अकरा वाजले तरी न संपलेला दिवस हीं तिन्ही त्यांत आलीं. हीं दोन्ही वाक्यें आमचीं आहेत, हॉल यांचीं नव्हत. परंतु त्यांचें पुस्तक बहुतांशीं दुसऱ्या जातीच्या वाक्यांवर उभें आहे. ज्या कवितेवरून संग्रहाला नांव मिळालें, तींत तर विरामचिन्हेंहि नाहींत. पूर्णविराम हा विसावा असतो, आणि त्या महिन्यांत विसावा नव्हता.

तथापि ह्या प्रकारच्या लेखनांत एक मूळचाच दोष संभवतो, आणि चांगुलपणानें तो झांकत नाहीं. लेखणी नेहमीं निरोग्याच्या हातीं असते. रोग्याचें उघडें अंग, त्याची असहायता, त्याचें रडणें, हें सर्व दुसऱ्याच्या परवानगीनें छापलें जातें. सुदैवानें येथें दुसरी बाजूहि लिहिलेली आहे. केन्यन यांच्या अखेरच्या कवितेचें नांव 'द सिक वाइफ'. पति किराणा घेण्यास दुकानांत गेला आहे आणि आजारी पत्नी मोटारींत बसून आहे, एवढाच तिचा प्रसंग. पन्नाशीहि न गांठलेल्या तिला साधी गुंडी लावतां येत नाहीं. ह्या रोगावर देतात त्या व्हिंक्रिस्टीन नांवाच्या औषधानें बोटांच्या नसा दुखावतात, हें ठाऊक असणाऱ्यास त्या एका तपशिलांत सगळा उपचार दिसेल. आसपासचीं म्हातारीं माणसेंहि किती सहज चालतात, हें ती कांचेंतून पाहते. कांचेवर वाफ धरते. शेजारच्या गाड्या भरकन निघून जातात, आणि तेंच तिच्या जिव्हारीं लागतें.

ह्या कवितेंत पतीविषयीं तक्रार नाहीं आणि कृतज्ञताहि नाहीं. तो सामान आणावयास गेला आहे, इतकेंच. त्याच्या दृष्टीनें तें दिवसाच्या कामांतील एक काम. तिच्या दृष्टीनें ती वाट पाहण्याची घटका. शुश्रूषेचें प्रत्येक काम असें दोन टोकांचें असतें, हें आम्हांस ह्या दोघांचें लेखन शेजारीं ठेवल्यावरच कळलें. विशेष हें, कीं तीहि स्वतःला 'मी' म्हणत नाहीं.

रोग उलटल्याचें कळल्यापासून अंत होईपर्यंत अकराच दिवस मिळाले. त्या दिवसांचें हॉल यांनीं केलेलें वर्णन ह्याच रीतीचें आहे. दोघांनीं मिळून तिच्या 'अदरवाइज' ह्या संग्रहासाठीं कविता निवडल्या, तिचें मृत्युवृत्त लिहिलें, आणि शेवटीं अंगावर काय घालावयाचें तें ठरविलें. भारतांत आलीं असतांना पाँडिचेरीस घेतलेला पांढरा सलवार-कमीज तिनें पसंत केला. अशा वेळीं आत्म्याच्या अमरत्वावर चार ओळी लिहिण्याचा मोह कोणास झाला नसता? हॉल कापडाशींच थांबतात.

संग्रहाच्या उत्तरार्धांत पत्ता नसलेलीं पत्रें आहेत, आणि तेथें मात्र 'मी' आणि 'तूं' परत येतात. बागेंत काय फुललें, कुत्रा कसा आहे, आपण थडग्यापाशीं केव्हां जाऊन आलों, हें सारें तो तिला कळवीत राहतो. आम्हांस हा उत्तरार्ध किंचित् लांबलेला वाटतो. कांहीं पत्रांत शोक स्वतःकडेच पाहूं लागतो, आणि पूर्वार्धांत दूर ठेवलेला नायक दारांतून डोकावतो. पण त्याचें कारणहि कामांतच आहे. गोळ्या मोजावयाच्या असतात तोंवर माणसाला स्वतःकडे पाहण्यास सवड नसते. ती मिळते, तेव्हां गोळ्या घेणारें कोणी उरलेलें नसतें.