चाल उसनी, सांधा स्वतःचा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन मुलूख मानले जातात. गेल्या पावसाळ्यात घाटाखालच्या एका गावी नातलगाकडे गेलो असता त्याच्या मुलाने, तो कृषी शाखेचा विद्यार्थी आहे, मला मोबाइलवर स्वतः केलेले एक रील दाखवले. विषय होता कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. पार्श्वभूमीला त्या आठवड्यात जिकडेतिकडे वाजणारा एक आवाज होता. त्यात एक जण लाडीगोडीने काहीतरी मागतो, दुसरा दोनदा नकार देतो, तिसऱ्यांदा होकार येतो आणि त्याच क्षणी ढोल पडतो. पडद्यावर मात्र अळीचे चित्र आणि त्यावर बारीक अक्षरांत सहा ओळींची माहिती. "काका, लोकं पाह्यतच नाहीत पुढं," तो म्हणाला. "माहिती तं सारी खरी हाय."

माहिती खरी होती. तरीही तो आवाज आणि ती अळी एकमेकांना ओळखत नव्हते. मी आयुष्यभर चालींचा अभ्यास केला आहे, म्हणजे एका गाण्याची चाल दुसऱ्या गाण्याला कशी जाते याच्या नोंदी वह्यांत करीत आलो आहे. त्या मुलाची अडचण मला नवी वाटली नाही. लोकांच्या ओठांवर असलेला साचा घ्यायचा आणि त्यात ज्याचा त्या साच्याशी काही संबंध नाही असा विषय बसवायचा, हे काम मराठीत चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते कधी साधते आणि कधी फसते, एवढाच प्रश्न या लेखापुरता घेतो.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी सुमारे तीनशे भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशी रस्त्यावरची माणसे त्यांनी उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले. त्यांतले विंचवाचे भारूड सर्वांना माहीत आहे. विंचू चावल्याचा आरडाओरडा हा गावात सर्वांनी पाहिलेला प्रसंग. आधी दंश, मग अंगात चढत जाणारी वेदना, मग उतारा. नाथांनी विंचवाच्या जागी काम-क्रोध ठेवले आणि उताऱ्याच्या जागी सत्त्वगुण. येथे आपण नीट पाहिले पाहिजे की त्यांनी केवळ विंचवाचे नाव घेतलेले नाही. क्रोधही चावतो, तोही चढत जातो, त्यालाही उतरवावे लागते. साच्यातली घटना ज्या क्रमाने घडते, त्याच क्रमाने विषयही घडतो. साचा आणि विषय जेथे एकमेकांत बसतात त्या जागेला मी माझ्या वहीत 'सांधा' म्हणतो. सुतार चौकटीला जसा सांधा करतो, तसा. सांधा असेल तर खिळे कमी लागतात. नसेल तर कितीही खिळे मारले तरी चौकट हलते.

आता अलीकडचे उदाहरण. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात 'सोनू तुला माझ्यावर भरोसा नाय काय' हे गाणे महाराष्ट्रभर पसरले. वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात चार-पाच जणांनी बसून ते म्हणायचे आणि चित्रफीत पाठवायची, असा तो खेळ होता. त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांनी फक्त 'सोनू'च्या जागी दुसरे नाव घातले. त्या आज कोणाला आठवत नाहीत. आठवते ती जुलै २०१७ मधली रेड एफएमच्या निवेदिका मलिष्का यांची आवृत्ती, मुंबईच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांची.

ती का बसली? मूळ गाण्याचा ठेका दोन गोष्टींवर उभा आहे. एक, विश्वासाविषयीचा तक्रारीचा प्रश्न, जो पुन्हा पुन्हा विचारला जातो. दोन, 'गोल' या शब्दावर आपटणारे यमक. मूळ गाण्यात हा 'गोल' केवळ तालासाठी आहे, अर्थाने रिकामा. मलिष्का यांच्या गाण्यात त्या रिकाम्या जागी खड्डा येऊन बसला, आणि खड्डा खरोखरच गोल असतो. त्याला जोडून 'झोल' हा शब्द यमकातच हाती लागला, आणि रस्त्यांच्या कामांबद्दल मुंबईकराच्या मनात तोच शब्द होता. विश्वासाचा प्रश्नही असाच. प्रियकर-प्रेयसीत तो लाडिक असतो. नागरिक आणि महापालिका यांच्यात तो अगदी शब्दशः खरा प्रश्न होतो. म्हणजे साच्यातल्या दोन्ही आधारजागा विषयाने स्वतःच्या बळावर भरल्या. ऐकणाऱ्याला वाटले की हे गाणे जणू खड्ड्यांसाठीच केले होते आणि सोनू मध्येच आली होती.

त्याचा परिणामही तसाच झाला. महापालिकेतल्या सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. महापालिकेच्या पथकाला मलिष्का यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. सत्ताधारी बाजूकडून त्याच चालीत मलिष्का यांनाच उलट प्रश्न विचारणारे उत्तरही आले. त्या उत्तरात चाल तीच होती, पण 'गोल' या जागेला बसेल असे त्यांच्या बाजूचे काही नव्हते. सत्तेने तक्रारकर्त्याच्या चालीत बोलायचे ठरवले की हे होते. तक्रारीचा साचा तक्रार करणाऱ्यालाच शोभतो.

केवळ आवाजाचे नव्हे, आव्हानाच्या साच्याचेही असेच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून पुढच्यांची नावे घेण्याचे आव्हान जगभर गाजले. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी निधी जमवणे हा त्याचा हेतू. आपल्याकडेही काहींनी ते जसेच्या तसे केले. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या माणसाला ती ओतलेली बादली पाहून काय वाटले असेल हे सांगायला नको. त्याच महिन्यात हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी तांदळाची बादली काढली. गरजूला बादलीभर तांदूळ द्यायचे, फोटो काढायचा आणि पुढच्यांना सांगायचे. त्यांनी काय ठेवले? बादली आणि पुढच्याचे नाव घेणे. काय टाकले? ओतणे. बादली ही आपल्याकडे मापाचीही वस्तू आहे, हा त्यांचा सांधा.

या उदाहरणांवरून मी एक साधी कसोटी करतो. तयार झालेल्या तुकड्यातला विषय काढून दुसरा घालून पाहा. बोंडअळीच्या जागी डेंग्यू, डेंग्यूच्या जागी मतदान. तुकडा तितकाच चालत असेल तर सांधा नाही, फक्त चिकटवणे आहे. खड्डे काढून मलिष्का यांच्या गाण्यात नळाचे पाणी घाला, गाणे पडते. विंचवाच्या भारुडातून क्रोध काढून आळस घाला, तेही पडते, कारण आळस चावत नाही.

त्या मुलाच्या रीलला ही कसोटी लावली. अळीच्या जागी काहीही चालले असते. मग मी त्याला विचारले, बोंडअळीच्या बाबतीत दोनदा 'नाही' आणि तिसऱ्यांदा 'हो' असे कुठे होते का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सापळ्यात होते ना."

कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावतात. त्यातल्या गंधाच्या गोळीकडे नर पतंग ओढले जातात आणि खालच्या पिशवीत अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे. एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा अधिक पतंग, असे सलग तीन रात्री आढळले तर फवारणीचा निर्णय घ्यायचा, असा नियम शास्त्रज्ञ सांगतात. शेतकरी मात्र पहिल्याच सकाळी पिशवी भरलेली पाहून पंप पाठीवर घेतो. औषध वाया जाते आणि मित्रकीटकही मरतात. सांधा येथे होता. आवाजात तिसऱ्यांदा होकार येतो, नियमातही तिसऱ्यांदाच येतो.

पण येथे एक मोह आडवा आला. मुलाने पहिला आराखडा असा केला: पहिल्या दिवशी तीन पतंग, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी नऊ, आणि ढोल. दिसायला छान, चढत जाणारे. परंतु तो नियम नव्हे. एका रात्रीत नऊ दिसले एवढ्यावर फवारायचे, हीच चूक त्यातून शिकवली गेली असती. बळजबरीचा खरा धोका हसू होण्यात नाही. साच्याच्या ओढीने विषय खोटा होतो, तो खरा धोका. शेवटी असे ठरले: पहिल्या सकाळी नऊ पतंग कागदावर ओतले, बाप पंपाकडे हात नेतो, नकार. दुसऱ्या सकाळी आठ, बाप पुन्हा पंपाकडे, पुन्हा नकार. तिसऱ्या सकाळी दहा, आणि होकारावर ढोल. आकडे जवळपास सारखे, फक्त रात्रींची गणती वेगळी. आता पाहणाऱ्याला कळते की नकार पतंग कमी म्हणून नव्हता, रात्री पुऱ्या झाल्या नव्हत्या म्हणून होता. तीन दिवस वेगळे कळावेत म्हणून बापाने तीन निराळे सदरे घातले. पडद्यावर अक्षरे उरली ती फक्त आकड्यांची. विषय बदलून पाहण्याची कसोटी पुन्हा लावली. डेंग्यू त्यात बसेना.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच मुलाने नंतर विचारले की गावातल्या एका शेतकऱ्याच्या आत्महत्येवर असेच काही करू का. सध्याच्या एका उदास आवाजात ते 'मस्त बसते' असे त्याचे म्हणणे. बसत होते, हे मी नाकारत नाही. सांधा होता. पण त्या आवाजाचा शेवट टाळी घेणारा आहे, तो येणार हे ऐकणाऱ्याला पहिल्या सेकंदापासून माहीत असते, आणि तो त्याची वाट पाहत असतो. ज्या घरात माणूस गेला, त्या घराकडे पाहताना कोणी ठेक्याची वाट पाहावी हे मला सहन होईना. भारुडातल्या विंचवाच्या आरोळीवर लोक हसतात आणि ते हसणे नाथांना हवेच आहे, कारण पुढे उतारा आहे. येथे उतारा नव्हता. मी नको म्हणालो. त्याने ते केले नाही. मात्र महिन्याभरात कोणीतरी दुसऱ्याने केले आणि ते बरेच पाहिले गेले.

विंचवाचे भारूड आजही कळते, कारण विंचू आजही चावतो. सोनूची चाल ज्यांनी ऐकली नाही अशी मुले आता शाळेत आहेत. त्यांना खड्ड्यांचे गाणे दाखवले तर ती ठेक्याला हसत नाहीत, पण 'गोल' या शब्दाला हसतात. घाटाखालचा तो आवाजही दिवाळीपर्यंत विसरला गेला. त्या बापाने मात्र या हंगामात पंप तिसऱ्या सकाळीच उचलला, असे मुलाने फोनवर सांगितले.