पळस्प्याचा दरोडा आणि संदर्भसूचीतली नोंद

शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न होता, मराठीत कोणकोणते ग्रंथ छापले गेले? प्रबंधाला जोडलेल्या सटीप संदर्भसूचीपुढचा प्रश्न वेगळा असतो: हे साधन माझ्या प्रश्नाच्या कोणत्या भागाला उत्तर देते, आणि कोणत्या भागाला देऊ शकत नाही? आपल्याकडच्या बहुतेक सटीप सूच्या पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. ग्रंथाचा गोषवारा दोन ओळींत येतो, मग ‘अत्यंत उपयुक्त’, ‘संदर्भसमृद्ध’ अशी विशेषणे येतात आणि नोंद संपते.

पनवेलजवळचेच उदाहरण घेऊ. मे 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्प्यावर दरोडा घातला. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव मारले गेले. फडके स्वतः शिरढोणचे, म्हणजे पळस्प्याच्या शेजारचेच, पण या दरोड्यात ते हजर नव्हते. समजा, प्रबंधाचा विषय आहे ‘फडके यांच्या बंडातील रामोशांचा सहभाग’. त्यासाठी पहिले साधन म्हणून फडके यांचे आत्मचरित्र समोर येते. मुंबई सरकारने 1957 साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा जो पहिला खंड काढला, त्यात ते इंग्रजी भाषांतरात छापले आहे. त्याची नेहमीची नोंद अशी होईल: ‘फडके यांच्या विचारांवर प्रकाश टाकणारे अस्सल व अत्यंत मोलाचे साधन.’ यात खोटे काही नाही, पण विद्यार्थ्याच्या हातीही काही लागत नाही.

माझ्या मते ती अशी हवी:

‘फडके यांनी अटकेपूर्वी लिहिलेले आत्मकथन. दुष्काळातील लोकांचे हाल, इंग्रजी सत्तेविषयीचा संताप, माणसे व पैसा जमवण्याचे प्रयत्न आणि रामोशी साथीदारांविषयीची निराशा हे त्यातले मुख्य विषय. घटना ताज्या असताना लिहिलेले असल्याने पुढच्या चरित्रांपेक्षा जवळचे. मात्र उपलब्ध पाठ सरकारी दप्तरातला इंग्रजी अनुवाद आहे, त्यामुळे शब्दाशब्दावर युक्तिवाद उभारता येत नाही. रामोशी लुटीसाठी आले, हे मत पुढाऱ्याचे आहे. खुद्द रामोशांची बाजू येथे नाही. पळस्प्याच्या दरोड्याला लेखक साक्षी नाही. म्हणून प्रकरण दोनमध्ये फडके यांची दृष्टी मांडण्यासाठी वापर. रामोशांच्या हेतूचा पुरावा म्हणून नाही.’

पहिली दोन वाक्ये सारांशाची, पुढची पाच मूल्यमापनाची. शेवटची दोन वाक्ये साधनाला प्रबंधात जागा नेमून देतात, आणि सूच्यांतून गळते ते नेमके हेच. ते गळले की पुढे काय होते ते ओळखणे सोपे आहे: ‘रामोशांना केवळ पैसा हवा होता’ हे फडके यांचे वैतागातले मत, प्रबंधात संशोधकाचा निष्कर्ष होऊन बसते. ज्यांनी स्वतःचे काही लिहून ठेवले नाही, त्यांच्यावरचा शेरा असा कायमचा होतो.

दुसरे साधन, वि. श्री. जोशी यांचे 1959 चे इंग्रजी चरित्र. त्याच्या शीर्षकातच फडके हे ब्रिटिश सत्तेविरुद्धचे पहिले भारतीय बंडखोर ठरतात. आता उमाजी नाईक 1832 साली फासावर गेले, आणि तेही रामोशीच. तेव्हा या विषयासाठी नोंदीत लिहायला हवे की घटनाक्रमासाठी चरित्र उपयोगी, पण ‘पहिले’ हा शब्द येथे गृहीत धरायचा नसून तपासायचा आहे. उद्या कोणी ‘फडके यांची चरित्रे’ हा विषय घेतला, तर हेच पुस्तक दुय्यम साधन न राहता मुख्य साधन होईल आणि नोंद मुळापासून बदलेल.

तिसरे साधन गॅझेटिअर. पनवेल आज रायगड जिल्ह्यात, म्हणून विद्यार्थी 1883 चा कुलाबा खंड उघडतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्या काळचे पनवेल 1882 च्या ठाणे खंडांत आहे. नोंदीत हे एक वाक्य असले तर पुढच्या वाचकाचे दोन दिवस वाचतात. घाटाकडे जाणारे रस्ते आणि पनवेलचा व्यापार यांची माहिती तेथे मिळते. म्हणजे पळस्पेच का, या प्रश्नासाठी हे साधन घ्यावे. दरोडेखोर कोण आणि कशासाठी आले, यावर मात्र ते सत्तेच्या बाजूनेच बोलणार.

नोंद जमली की नाही, हे ताडायची एक सोपी कसोटी आहे. प्रबंधाचे शीर्षक झाकून त्या जागी दुसरे ठेवावे. नोंदीतला एकही शब्द बदलावा लागला नाही, तर ती ग्रंथाच्या वेष्टनावरची जाहिरात आहे. बदल करावा लागला, तर नेमका जेथे करावा लागला तेथे संशोधकाचे स्वतःचे म्हणणे सुरू झालेले असते.