शारदेचा न्याय आणि उत्तरवयातील सोबत

म्हातारपणीचे लग्न म्हटले की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे भुजंगनाथ उभा राहतो. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून हा जरठ वर उपहासाचा कायमचा धनी झाला आहे. साठी उलटलेल्या वडिलांनी एखाद्या समवयस्क विधवेशी संसार मांडण्याचे मनात आणले, तर मुलांना लाज वाटते ती बहुधा या भुजंगनाथाची. परंतु हा उपहास येथे लागू पडतो काय, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

देवलांचा रोष वार्धक्यावर नाही. तो सौद्यावर आहे. कांचनभट पैशासाठी मुलगी देतो आणि जिचे लग्न, तिला मात्र कोणी विचारीत नाही. कथानकात विवाह मोडतो तो सगोत्राच्या आक्षेपाने, हे खरे. पण प्रेक्षकाचे मन त्याआधीच निकाल देऊन बसलेले असते. त्या निकालाची कसोटी एकच: शारदेची संमती कोठे आहे?

हीच कसोटी आज लावून पाहावी. मीरा-भाईंदरमध्ये स्वकष्टाने दोन खोल्यांचे घर घेतलेला एखादा हिंदू विधुर कल्पावा. त्यास एक मुलगा व एक मुलगी, दोघेही संसारात रमलेली. समवयस्क विधवेची सोबत त्यास हवी आहे आणि तिचीही इच्छा आहे. मुले म्हणतात, ‘लोक काय म्हणतील?’ येथे संमती दोघांची आहे. न विचारता निर्णय करू पाहणारी मुलेच आहेत. म्हणजे शारदेच्या जागी आता वडील आले!

मुलांच्या मनात आईची स्मृती दुखावते, ते दुःख आम्ही खोटे म्हणणार नाही. परंतु पुष्कळदा लाजेच्या आड घराची चिंता असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्राविना वडील वारले, तर मुलांना निम्मेनिम्मे घर मिळते. दुसरी पत्नी असल्यास तिन्हींचा तिसरा-तिसरा हिस्सा होतो. ही चिंता उघड बोलली तर तिला उपाय आहे. घराची मालकी मुलांना आणि तेथे आमरण राहण्याचा हक्क तिला, असे स्पष्ट शब्दांचे मृत्युपत्र वडिलांना करता येते. विवाहाविना एकत्र राहावयाचे ठरल्यास तर याची गरज अधिकच. कारण तशा स्थितीत ती वारस ठरत नाही आणि तिच्या डोक्यावरचे छप्पर मुलांच्या मर्जीवर राहते.

एवढी तजवीज झाल्यावरही विरोध टिकला, तर तो घरासाठी नव्हता, हे तरी कळून येईल. मग उरते ते आईचे दुःख. त्यास वेळ द्यावा. लाज मात्र उरण्याचे कारण नाही. देवलांनी जी लाज कांचनभटाच्या पदरी बांधली, ती आपल्या वडिलांच्या पदरी बांधणाऱ्यांनी ‘शारदा’ पुन्हा एकवार वाचावे.