नाव बदललं, गोष्ट तीच

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पण अशा जाहिरातींनी वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट लोकांच्या मनात तशीच आहे: रंग उजळला की नोकरी लागते, स्थळ जमतं. या गोष्टीत मूत्रपिंड कुठेच नसतं.

अकोल्यात दुसरंच एक, स्थानिक ब्युटिशियनकडचं क्रीम लावून एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो. तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. प्रथिनं गळतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात. लघवीच्या साध्या तपासणीत हे कळतं. आरशात मात्र क्रीम ‘गुणकारी’च दिसतं.